ग्रीन कार्डावरच्या देशांच्या चौकटी कशा वाचायच्या? फुली म्हणजे विमा आहे की नाही?

मधुरा_म्युनिक

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये गाडीने बाल्कन फिरायचा बेत आहे. म्युनिकहून ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, मग क्रोएशियाचा किनारा धरून दुब्रोव्हनिकपर्यंत, पुढे मॉन्टेनेग्रो, अल्बेनिया, कोसोव्होतलं प्रिझ्रेन, तिथून स्कोप्ये आणि सर्बिया-हंगेरीमार्गे घरी. गाडी आमची स्वतःची, जर्मन नंबरप्लेटची.

विमा कंपनीकडे ग्रीन कार्ड, म्हणजे परदेशात गाडीचा विमा असल्याचा दाखला, मागितलं तर त्यांनी पीडीएफ पाठवून दिली. हिरवं वगैरे काही नाही, पांढऱ्या कागदावर काळी अक्षरं. मधोमध चौकटींची जाळी आहे आणि प्रत्येक चौकटीत एक ते तीन अक्षरं. वरच्या ओळींना कुठेच धक्का लावलेला नाही. खालच्या ओळी मात्र अशा दिसतात. ज्यांच्यावर फुली आहे त्यांच्यापुढे मी x टाकलाय:

```
AL     AND    AZ x   BIH    BY x   GB
IL x   IR x   MA     MD     MK     MNE
RUS x  SRB    TN     TR     UA
```

आमच्याकडे यावरून दोन पक्ष पडलेत. नवरा म्हणतो फुली म्हणजे निवडलेला देश, कारण जर्मनीत मतपत्रिकेपासून डॉक्टरकडच्या फॉर्मपर्यंत हव्या त्या चौकटीत फुलीच मारतात. मी म्हणते फुली म्हणजे रद्द. दुसरं म्हणजे मला कोसोव्हो कुठे दिसतच नाही. आणि मॅसेडोनिया MA का MK? कुणी खरोखर हे कार्ड घेऊन त्या बाजूला गेलंय का?

सातारी_कंदी

शीर्षक वाचून धावत आलो, म्हटलं ग्रीन कार्डाची रांग पुढे सरकली की काय! भाऊ न्यू जर्सीत वर्षानुवर्षं वाट बघतोय. तुमचं भलतंच निघालं. पण म्युनिकहून अल्बेनियाला गाडीने? दंडवत घ्या.

विश्वप्रवासी_बंड्या

मधुराताई, कशाला एवढा विचार करता? युरोपात कार्ड लागतच नाही, नंबरप्लेट हाच पुरावा. आम्ही फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड सगळं फिरलो, कुणी विचारलंसुद्धा नाही. MA म्हणजे मॅसेडोनिया, उघड आहे. कोसोव्हो सर्बियात धरतात, त्यामुळे SRB वर फुली नाही म्हणजे झालं तुमचं काम.

निशिगंधा_डब्लिन

बंड्या, MA मोरोक्को हो! मॅसेडोनिया MK. काही कार्डांवर NMK असतं, कारण २०१९ मध्ये देशाचं नाव उत्तर मॅसेडोनिया झालं आणि गाडीवरची खूणही बदलली.

ही अक्षरं वेबसाइटच्या पत्त्यातली नव्हेत, गाडीच्या मागे चिकटवायच्या लंबगोल स्टिकरवरची आहेत. म्हणून जर्मनी D, स्पेन E, ऑस्ट्रिया नुसतं A. आमच्या शेजारणीने मागच्या उन्हाळ्यात सकाळी सकाळी दार वाजवलं, हातात कार्ड. म्हणे, "कंपनीने आयर्लंडच कापलंय, मी गाडी घराबाहेर काढू की नको?" बघितलं तर फुली IR वर. IR म्हणजे इराण, आयर्लंड IRL. तिच्याच कार्डावर IS पाहून इस्रायल चालतं असंही तिला वाटलं होतं. ते आइसलँड. इस्रायल IL.

सातारी_कंदी

आणि CH म्हणजे चीन नव्हे, एवढं मलाही माहीत आहे. AL म्हणजे अल्जीरिया का?

निशिगंधा_डब्लिन

अल्बेनिया. अल्जीरियाची खूण DZ, आणि ती या यादीत नाहीच.

दावेदार_कोलोन

मी कोलोनमध्ये परदेशी अपघातांचे दावे हाताळायचं काम बरीच वर्षं केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मधुराताई, तुमचं बरोबर. फुली म्हणजे त्या देशात हे कार्ड चालत नाही. जाळीच्या जवळच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ज्या देशांच्या चौकटी खोडलेल्या नाहीत तिथे कार्ड वैध आहे. ती ओळ तुमच्या यजमानांना दाखवा. त्यांचा तर्क जर्मन फॉर्मांना धरून आहे, चूक म्हणता येत नाही, पण हा फॉर्म जर्मन नव्हे. सगळ्या देशांत एकाच नमुन्याचं कार्ड छापतात, म्हणजे अल्बेनियाच्या नाक्यावरच्या पोलिसालाही जर्मन न वाचता कळावं. नमुना ब्रुसेल्सच्या कौन्सिल ऑफ ब्युरोजच्या, म्हणजे देशोदेशीच्या ग्रीन कार्ड ब्युरोंच्या संघटनेच्या देखरेखीखाली असतो. पद्धत १९५३ पासून चालू आहे. पांढऱ्या कागदावर छापायची मुभा २०२० मध्ये मिळाली. नाव मात्र हिरवंच राहिलं.

वरच्या ओळी कोऱ्या आणि खालच्या ओळींत फुल्या, हे तुम्ही बरोबर टिपलंत. वर बहुतेक युरोपीय संघातले आणि त्याच कायद्याच्या छत्राखालचे देश असतात. संघातल्या कंपनीने गाडीचा विमा दिला की तृतीय पक्षाचं दायित्व, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, एकाच हप्त्यात सगळ्या संघात लागू करावंच लागतं, एखादा देश वगळायचा अधिकारच नाही. त्यामुळे तिथे फुली दिसायचं कारण नाही. कंपनीच्या मर्जीचा खेळ चालतो तो खालच्या ओळींत. तुम्हाला वाचायच्या त्या तेवढ्याच.

बंड्याभाऊंचं नंबरप्लेटचं म्हणणं अर्धं खरं आहे. संघातले देश, स्वित्झर्लंड, अँडोरा, सर्बिया आणि ब्रिटन यांच्यात करारच असा आहे की गाडीची प्लेट म्हणजेच विम्याची हमी, नाक्यावर कार्ड तपासत नाहीत. पण अल्बेनिया, उत्तर मॅसेडोनिया, तुर्कस्तान, मोरोक्को, ट्युनिशिया, मोल्दोव्हा, युक्रेन इथे कार्ड दाखवावं लागतं. फ्रान्स-इटलीच्या अनुभवावर अल्बेनियाला निघू नका.

कोसोव्होचं उत्तर संध्याकाळी देतो, ते एका ओळीत होणार नाही.

विश्वप्रवासी_बंड्या

बरं बाबा. पण सर्बिया प्लेटवर चालतं म्हणालात, म्हणजे माझा मुद्दा राहिलाच की.

एजंट_काका_पुणे

मी पुण्यात विमा एजंट आहे, तीस वर्षं याच धंद्यात. तुमच्या कार्डाची सवय नाही, पण आपल्याकडची गोष्ट सांगतो. भारतीय मोटार पॉलिसी फक्त भारतात चालते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान इथे वाढवून घ्यायची सोय आहे, एजंट लोक त्याला आयएमटी एक म्हणतात. वेगळा हप्ता भरून पॉलिसीवर नोंद करून घ्यायची. पाकिस्तान कागदावर आहे, प्रत्यक्षात कोण जातंय! गंमत म्हणजे गाडी जहाजाने किंवा विमानाने न्यायची असेल तर त्या प्रवासातलं नुकसान त्यात धरत नाहीत. म्हणजे श्रीलंकेला न्यायचीच असेल तर समुद्रातली काळजी तुमची तुम्ही करा.

आमच्याकडचे एक साहेब गाडी घेऊन भूतानला निघाले, नोंद केली नव्हती. जाताना फोन आला, "काका, फुंत्शोलिंगला आहे, विमा वाढवा." म्हटलं आज रविवार आहे.

सातारी_कंदी

काका, मग पुढे काय झालं?

एजंट_काका_पुणे

काय होणार, सोमवार उजाडेपर्यंत जयगावात थांबले. मोमो खाल्ले.

पुणे_टू_लंडन

माझं नाव वाचून समजलंच असेल, मनात उलट रस्ता आहे. लंडनमध्ये गाडी घेऊन पुण्याला चालवत आणायची. कार्डावर IR आहे, म्हणजे इराणपर्यंत कार्ड पुरेल का? ब्रिटिश प्लेट असेल.

दावेदार_कोलोन

IR ची चौकट आहे, म्हणजे इराण पद्धतीत आहे एवढंच. तुमच्या कंपनीने ती उघडी ठेवली तरच उपयोग, आणि बहुतेक कंपन्या ती खोडतात. मधुराताईंच्या कार्डावरही खोडलेलीच आहे. इराणच्या पुढे पूर्वेला यादीतला एकही देश नाही. पाकिस्तान नाही, भारत नाही. जॉर्जिया आणि आर्मेनियाही नाहीत, त्यामुळे कॉकेशसमधून जायचं म्हटलं तर तिथेही वेगळं बघावं लागेल. यादीत नसलेल्या देशांत सीमेवर किंवा आधी तिथला स्थानिक विमा घ्यायचा. वाहनाच्या सीमाशुल्कासाठी लागणारा कार्ने नावाचा कागद वेगळा. तुमचा धागा वेगळा काढा, भरेल.

मस्कतवासी

आमच्याकडे हेच कार्ड केशरी असतं! १९७५ च्या ट्युनिस करारातून अरब देशांत चालू झालेलं, ऑरेंज कार्ड म्हणतात. दुबईच्या प्लेटची गाडी घेऊन मस्कतला आलात की तुमच्या पॉलिसीत ओमान आहे का, हा नाक्यावरचा पहिला प्रश्न. नसेल तर बाजूच्या खिडकीवर घ्या. शुक्रवारी ती रांग बघण्यासारखी असते. मोरोक्को आणि ट्युनिशिया तुमच्या हिरव्यातही आहेत आणि आमच्या केशरीतही.

ओंकार_रॉटरडॅम

भाड्याच्या गाडीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, शोधत येणाऱ्यांना उपयोग होईल. आम्ही झाग्रेबहून गाडी घेतली. हातमोज्यांच्या कप्प्यात कार्ड होतं, त्यावर AL, BIH, MK सगळं उघडं. खूश होऊन निघालो तर काउंटरवरच्या मुलीने करार पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं की अल्बेनियात न्यायची तर आधी कळवा आणि वेगळे पैसे भरा, नाहीतर सगळी जबाबदारी तुमची. म्हणजे कार्ड तुम्हाला नाक्यातून आत सोडेल, पण गाडीला काही झालं तर कंपनी करार उघडणार. दोन्ही कागद जुळले पाहिजेत.

आणखी एक. माझ्या फोनवर मेलमधूनच पीडीएफ उघडली तेव्हा फुल्या दिसतच नव्हत्या! सगळ्या चौकटी कोऱ्या. फाइल उतरवून संगणकावर उघडली तर RUS आणि BY वर फुल्या आल्या. त्यांनी फुल्या कशा टाकल्या असतील देव जाणे. मधुराताई, तुमची मूळ फाइल एकदा नीट उघडून बघा आणि छापलेल्या कागदाशी ताडून घ्या. कमी शाईवर छापलं की बारीक रेघेची फुली पुसट होते, आणि पलीकडच्या माणसाला मूळ काय होतं ते कळायला मार्ग नाही.

मधुरा_म्युनिक

वा, इतकी उत्तरं! फाइल संगणकावर उघडली, फुल्या तिथेही त्याच पाच: AZ, BY, IL, IR, RUS. आमच्या वाटेवरचे BIH, MNE, AL, MK, SRB सगळे उघडे. नवऱ्याने बारीक ओळ वाचली आणि "असा फॉर्म कोण बनवतं" म्हणत कॉफी करायला गेला.

ओंकार, गाडी आमचीच आहे, पण भाड्याचं लक्षात ठेवते. दावेदार काका, कोसोव्होची वाट बघतेय.

दावेदार_कोलोन

आता निवांत बसलोय.

कोसोव्हो या पद्धतीचा सदस्य नाही. यादीत चौकटच नाही, म्हणून खोडायचाही प्रश्न नाही. चौकट नसणं हे फुलीपेक्षा फसवं असतं, कारण फुली निदान डोळ्यांत भरते. पण सगळ्या छोट्या देशांबाबत तसं नाही, हेही ध्यानात घ्या. मोनाको फ्रान्सच्या F मध्ये धरतात, लिख्टेनस्टाइन स्वित्झर्लंडच्या CH मध्ये, सान मारिनो आणि व्हॅटिकन I मध्ये. त्यांना वेगळी चौकट नाही, तरी कार्ड चालतं. म्हणून चौकट दिसली नाही की आधी विचारायचं, हा भाग दुसऱ्या कुणाच्या ब्युरोकडे आहे का?

कोसोव्होबाबत उत्तर नाही असं आहे. बंड्याभाऊ, SRB ची चौकट तिथे उपयोगाची नाही. कार्डावर खालच्या बाजूला टिपा असतात, त्यात सर्बियासाठी लिहिलेलं असतं की कार्ड सर्बिया सरकारच्या ताब्यातल्या भूभागापुरतंच चालतं. सायप्रस आणि अझरबैजानसाठीही अशीच टीप आहे. सायप्रसमध्ये CY उघडं असलं तरी हिरव्या रेषेच्या उत्तरेला कार्ड चालत नाही, तिकडे गेलं की नाक्यावर वेगळा विमा काढायचा. पुष्कळ लोक जाळी वाचतात आणि टीप सोडून देतात.

मधुराताई, तुमची वाट नाक्या-नाक्याने बघू.

स्लोव्हेनिया आणि क्रोएशियापर्यंत कार्ड कुणी मागणार नाही. दुब्रोव्हनिककडे जाताना पूर्वी न्यूमजवळ बोस्नियाच्या छोट्या पट्ट्यातून जावंच लागायचं, तिथे BIH चा प्रश्न यायचा. जुलै २०२२ मध्ये पेल्येशॅक पूल झाल्यापासून क्रोएशियातूनच जाता येतं. तरी तुमच्याकडे BIH उघडं आहे, तेव्हा मोस्तारला वळायचं असेल तर खुशाल वळा.

मॉन्टेनेग्रोहून अल्बेनियात शिरताना कार्ड हातात तयार ठेवा. तो पोलीस तीनच गोष्टी बघतो: तारखा, गाडीचा नंबर आणि AL ची चौकट. तारखा दोन्ही टोकांच्या धरून असतात, म्हणजे शेवटची तारीख संपेपर्यंत वैध. नंबर प्लेटवरच्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. जर्मन नंबरात शहराच्या अक्षरांनंतरची मोकळी जागा काही कंपन्या गाळतात, त्यावरून मला एकदा फोन आलेला आहे.

अल्बेनियातून कोसोव्होत शिरताना कार्ड बाजूला ठेवायचं आणि नाक्यावरच्या टपरीत सीमाविमा घ्यायचा. थोड्या दिवसांच्या मुदतीचा मिळतो. गाडीची नोंदणी आणि पासपोर्ट दाखवा, पावती घ्या आणि कोसोव्होतून बाहेर पडेपर्यंत जपून ठेवा. पुढे स्कोप्येला निघताना उत्तर मॅसेडोनियाच्या नाक्यावर परत ग्रीन कार्ड, यावेळी MK बघणार. तिथून सर्बियात SRB.

कोसोव्होतून थेट सर्बियात जायचा मोह टाळा. विम्याचं कारण नाही, सर्बिया त्या वाटेने आलेल्या परदेशी प्रवाशाला परत पाठवू शकतं. स्कोप्येमार्गे जाताय तेच ठीक. पासपोर्ट भारतीय असतील तर व्हिसा आणि जर्मन परवान्यावर कुठे काय चालतं ते त्या त्या वकिलातीतच विचारा, त्यात मी पडत नाही.

विश्वप्रवासी_बंड्या

ठीक, टिपेचं मान्य. पण मला एक सांगा, SRB उघडं आहे की नाही हे तो पोलीस बघणार नाही, प्लेट बघणार. मग चौकटीचा उपयोग काय?

दावेदार_कोलोन

नाक्यावर उपयोग नाही. पण धडक झाली की दोन्ही गाडीवाले कागद काढतात आणि समोरच्याला तुमच्या कंपनीचं नाव, पॉलिसीचा क्रमांक आणि कुठे दावा करायचा ते लागतं. ते सगळं कार्डावर एका जागी असतं, दुसऱ्या पानावर प्रत्येक देशाच्या ब्युरोचा पत्ता असतो. समोरचा माणूस आपल्याच देशाच्या ब्युरोकडे जातो, त्याच्या देशाच्या कायद्याप्रमाणे भरपाई घेतो आणि ब्युरो नंतर तुमच्या कंपनीकडून वसूल करतो.

केदार_बॉस्फरस

माझा किस्सा ऐका, कारण TR उघडं बघून लोक खूश होतात. आम्ही जर्मन गाडी घेऊन कापाडोक्याला गेलो होतो. कार्डावर TR स्वच्छ. हॉटेलच्या अंगणात गारांनी बॉनेटचा चाळणी झाल्यासारखा अवतार केला. परत येऊन पूर्ण कास्कोखाली, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याखाली, दावा लावला तर कंपनीने सभ्य पत्र पाठवलं: दायित्वाचा विमा तुर्कस्तानभर होता, कास्को मात्र भौगोलिक युरोपपुरता. कापाडोक्या बॉस्फरसच्या पलीकडे, म्हणजे आशियात. एक पैसा मिळाला नाही.

तीच गारपीट इस्तंबूलच्या युरोपीय बाजूला झाली असती तर मिळाला असता. एका शहरात, एका पुलाच्या दोन टोकांना दोन उत्तरं!

निशिगंधा_डब्लिन

केदार, म्हणजे तुझं कार्ड खोटं नव्हतं, तू त्याच्याकडून जास्त मागितलंस. कार्ड दुसऱ्याच्या नुकसानीचं, तुझ्या बॉनेटचं नव्हे.

केदार_बॉस्फरस

हे त्या पत्रातही होतं, फक्त तुझ्यापेक्षा जास्त आदराने.

एजंट_काका_पुणे

आमच्याकडेही तेच. लोक थर्ड पार्टी घेतात आणि बंपर घासला की फोन करतात.

लंडनस्थ_राणे

ब्रिटनचं थोडं: आमच्या कार्डांवर GB दिसतं, पण गाडीवरचं स्टिकर सप्टेंबर २०२१ पासून UK लागतं. दोन वेगवेगळी अक्षरं पाहून घाबरू नका. ब्रेक्झिटनंतर २०२१ च्या पहिल्या काही महिन्यांत फ्रान्सला जायला कार्ड लागत होतं, २ ऑगस्ट २०२१ पासून परत नको झालं. जुन्या चर्चांमध्ये अजून "कार्ड सक्तीचं" असं सापडतं, तारीख बघून वाचा.

आणि पुणे_टू_लंडन, तुमच्या उलट प्रवासाचा धागा निघाला की मला हाक मारा. मीही इथूनच निघतो, वाटेत कुठेतरी भेटू.

सातारी_कंदी

इराणात नको. फुली आहे.

ओंकार_रॉटरडॅम

मधुराताई, फोनवरची प्रत चालेल का हेही कुणीतरी सांगा. माझ्या मित्राने मॉन्टेनेग्रोच्या नाक्यावर फोन दाखवला आणि सोडलं त्याला.

दावेदार_कोलोन

मी कागदच घ्यायला सांगेन. दोन प्रती, एक कप्प्यात आणि एक पिशवीत. फोन बंद पडला की काय दाखवणार?

ओंकार_रॉटरडॅम

पण मित्राला चाललं.

दावेदार_कोलोन

चाललं असेल. नाक्यावरच्या माणसाला त्या दिवशी चाललं. छापायला काही पैसे पडत नाहीत.

प्राजक्ता_श्टुटगार्ट

उशिरा आले. मधुरा, मागे सायकलींची ट्रेलर जोडणार असाल तर तिचंही बघ. कार्डावर वाहनाच्या प्रकाराचं एक अक्षर असतं, मोटारीचं A, ट्रेलरचं F. आमची ट्रेलर वेगळ्या प्लेटची आहे. तिच्यासाठी वेगळं कार्ड मागितलं तर कंपनीने विचारलं, "कशाला?" आणि मग दुसऱ्या दिवशी पाठवलं.

मधुरा_म्युनिक

ट्रेलर नाही, छतावर पेटी आहे फक्त. आभार!

आज कंपनीला दोन प्रश्न लिहिले होते. पहिला कास्कोचा. उत्तर आलं की भौगोलिक युरोपात आमचा कास्को चालतो, म्हणजे अल्बेनिया, उत्तर मॅसेडोनिया, सर्बिया ठीक. केदार, तुझ्यामुळे विचारलं.

दुसरा प्रश्न कोसोव्होचा. त्यावर त्यांनी लिहिलं की कोसोव्हो भौगोलिक युरोपात येतो म्हणून पॉलिसीचं दायित्व तिथे लागू आहे, पण ग्रीन कार्ड चालत नाही म्हणून सीमाविमा घ्यावाच लागेल. आता मला प्रश्न पडलाय की समजा कोसोव्होत अपघात झाला आणि समोरच्याचं नुकसान सीमाविम्याच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं, तर वरचे पैसे जर्मन पॉलिसी देणार का?

दावेदार_कोलोन

माझ्या मते देणार, कारण पॉलिसीचा करार आणि कार्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉलिसीत भूभाग लिहिलाय, कार्ड फक्त नाक्यावरचा दाखला. पण समोरचा माणूस सीमाविम्याच्या कंपनीकडेच जाणार, ती मर्यादेपर्यंत देणार, आणि उरलेलं तुमच्यावर दावा लावून मागणार. मग तुम्ही जर्मन कंपनीकडे. लगेच कळवलं असेल तर.

एजंट_काका_पुणे

मी असतो तर हे लेखी मागितलं असतं. "लागू आहे" म्हणणारा आणि चेकवर सही करणारा ही एकच माणसं नसतात.

दावेदार_कोलोन

काकांशी सहमत. तोच प्रश्न, सीमाविम्याच्या वरची रक्कम, याच शब्दांत मेलवर विचारा.

मधुरा_म्युनिक

विचारलं. उत्तर आलं की इथे टाकते. तोपर्यंत नवरा म्हणतोय प्रिझ्रेन वगळून अल्बेनियातून सरळ ओह्रिडला जाऊ या, सीमाविमाच नको. मला प्रिझ्रेनचा पूल बघायचाच आहे. प्रिझ्रेनला कुणी राहिलंय का, गाडी कुठे लावलीत?